कुलपातला कोश
(एका निरोपसमारंभातील भाषण)



निरोपाच्या भाषणाचा एक साचा असतो. सत्कारमूर्तीने डोळे पुसावेत, संस्थेचे आभार मानावेत, 'काही चुकले असल्यास क्षमा करा' असे म्हणावे आणि चहाकडे वळावे. मी आभार मानते. क्षमाही मागणार आहे, पण ती मोघम नव्हे, एका नेमक्या चुकीबद्दल. तोवर चहा जरा निवला तरी चालेल.

माझ्या आधी बोललेल्या दोघा वक्त्यांनी माझ्याविषयी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाले, "बाई म्हणजे चालताबोलता शब्दकोश." दुसरे म्हणाले, "बाईंनी आयुष्यभर शुद्ध मराठीचा पहारा केला." दोघांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि दुसरी तर घातुक आहे. मी चौतीस वर्षे मराठी शिकवले आणि चौतीस वर्षे शब्दकोश जवळ बाळगला. त्या कोशाने मला पहारा करायला शिकवले नाही. मी करीत होते तो पहारा त्याने मोडून काढला. तो कसा, हे सांगण्यासाठीच आज उभी आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तेव्हा मी सोलापूरकडे एका तालुक्याच्या गावी होते. सातवीला 'सुट्टीतला एक दिवस' असा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिले, 'दुपारी आईने कोरड्यास केले आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.' मी घाटावरच्या शहरात वाढलेली. तांबड्या शाईने समासात शेरा मारला, 'कोरड्यास काय केले? वाक्य अपूर्ण.' माझ्या दृष्टीने हिशेब सरळ होता. 'कोरडा' शब्दाचे सामान्यरूप 'कोरड्या', त्याला 'स' हा विभक्तिप्रत्यय, झाले 'कोरड्यास'. कोणत्या तरी कोरड्या वस्तूला आईने काहीतरी केले, ते काय हे लिहायचे राहिले! वही परत देताना मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले. मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, काही राहिलं नाही. कोरड्यासच केलं." वर्ग हसला. वर्ग का हसला, तर मी हसले म्हणून. गावातल्या निम्म्याअधिक घरी रोज कोरड्यास होत होते. तरीही ती मुले हसली. पुढच्या निबंधात त्या मुलीने 'आमटी' लिहिले. त्यानंतर तिने वर्गात आपण होऊन हात वर केल्याचे मला आठवत नाही.

दोन-तीन वर्षांनी दुसराच एखादा शब्द शोधताना कोशाच्या पानावर माझी नजर 'कोरड्यास' या शब्दावर पडली. स्वतंत्र शब्द, नपुंसकलिंगी नाम. अर्थ, कोरड्या भाकरीबरोबर खायचे पातळ कालवण. म्हणजे माझी विभक्ती बरोबरच होती! 'कोरड्या भाकरीस लावून खायला' म्हणून जे करायचे, तेच पुढे 'कोरड्यास' झाले. प्रत्यय लागलेले रूपच नाम होऊन बसले आणि घराघरांतल्या चुलीवर शिजू लागले. व्याकरणाचे केवढे नवल त्या मुलीने माझ्या हाती ठेवले होते, आणि मी त्याच्यावर तांबडी रेघ ओढली होती! मी कोश घेऊन तिच्या वर्गाकडे निघाले, तेव्हा कळले की नववीनंतर तिचे नाव शाळेतून काढले आहे. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली होती. तिची शाळा माझ्या शेऱ्यामुळे सुटली असे मी म्हणत नाही. त्याला घरची कारणे असतील. पण जितके दिवस ती शाळेत होती, तितके दिवस ती माझ्यामुळे गप्प बसली, हे मला ठाऊक आहे. क्षमा मागायची आहे ती हिची.

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की कोश हा न्यायाधीश नव्हे. कोश हा साक्षीदार आहे. 'हा शब्द मी अमुक ठिकाणी ऐकला, अमुक ग्रंथात वाचला, त्याचा अर्थ लोक असा करतात,' एवढेच तो सांगतो. मोल्सवर्थसाहेबाचा कोश घ्या. हा कंपनी सरकारच्या पलटणीतला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या आणि इथल्या शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली, तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्यांत देवघरातले शब्द आहेत, तसे गोठ्यातले आहेत. आशीर्वाद आहेत, तशा शिव्याही आहेत. पुढे दाते, कर्वे प्रभृतींनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले आणि १९५० साली पुरवणी जोडली. त्या खंडांत शब्दापुढे कंसात लहानशी खूण दिसते. हा वऱ्हाडातला, हा खानदेशातला, हा कोकणातला, हा गोव्याकडला. त्या खुणेचा अर्थ 'अशुद्ध' असा नाही. तिचा अर्थ 'पत्ता' असा आहे. आम्ही शिक्षकांनी मात्र पत्त्याचा गुन्हा केला.

यावर माझे काही सहकारी म्हणतील, "म्हणजे बाई, प्रमाण भाषा शिकवायचीच नाही की काय?" शिकवायची. मी शिकवली, चांगली दटावून शिकवली. चांद्याच्या मुलाने लिहिलेला अर्ज सावंतवाडीच्या कारकुनाला कळायचा, तर दोघांना चालेल असा एक रस्ता हवाच. पण रस्त्यावर चालायला शिकवताना आपण पोराला त्याच्या घराची लाज वाटायला लावत नाही. 'अर्जात आमटी लिही आणि घरच्या गोष्टीत कोरड्यास लिही' हे वाक्य मला तेव्हा सुचायला हवे होते. ते सुचण्याइतके मराठी मला येत नव्हते, हीच त्यातली खरी गोष्ट.

आता त्या 'शुद्ध मराठी'कडे वळते. आपले पाहुणे शुद्ध मराठीवर वीस मिनिटे बोलले, आणि बोलले फार छान. पण ते ज्या खुर्चीवर बसले आहेत ती 'खुर्ची' अरबी आहे. मुले ज्यावर बसली आहेत तो 'बाक' पोर्तुगीज. सकाळी आपण घेतो ती 'हजेरी' अरबी, तिची 'शाई' फारसी, 'कागद' फारसी, मुलांच्या पाठीवरचे 'दप्तर' फारसी. 'तास' म्हणजे मूळ धातूचे पात्र. तशीच थाळी टोल देऊन वेळ सांगू लागली आणि ठोक्याचे नाव वेळेलाच पडले. मला गेली चौतीस वर्षे मिळाला तो 'पगार' पोर्तुगीज, आता मिळणार ती 'पेन्शन' इंग्रजी. 'निवृत्ती' तेवढी संस्कृत! हे सारे परके वाटते का? मुळीच नाही. 'पगारदार', 'दप्तरदिरंगाई', 'खुर्चीला चिकटणे' असा आमच्या माणसांनी त्या शब्दांशी संसार मांडला. शब्द आपला झाला की नाही हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. त्याला आमचे प्रत्यय लागतात का, त्याच्यापासून आमची क्रियापदे, म्हणी आणि थट्टा निघते का, यावरून ठरते.

आणि जबरदस्ती तर कोणाचीच चालत नाही. शिवाजीमहाराजांच्या काळी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' झाला. दरबारात 'मुख्य प्रधान' हे नाव ठरले. पण लोकांच्या तोंडी 'पेशवा' राहिला, तो शेवटपर्यंत राहिला. उलट सावरकरांनी दिलेला 'महापौर' शब्द लोकांनी असा उचलला की तो कधी नवा होता हेच कोणाला आठवत नाही. दोन्ही ठिकाणी निवाडा बोलणाऱ्यांनी दिला. कोशकाराने तो नोंदवून घेतला.

"मग शुद्धलेखनही लोकांवर सोडायचे का?" असा प्रश्न तिसऱ्या रांगेत आताच कुजबुजला गेला. थांबा, तेच सांगते; कारण शुद्धलेखनही मला खऱ्या अर्थाने कोशानेच शिकवले, नियमांच्या पुस्तकाने नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली झाले, १९७२ साली आणखी चार मिळून अठरा झाले. ते मी पाठ केले होते, मुलांकडून पाठ करून घेत होते, आणि मुले चुकत होती. का चुकत होती?

मुलांनो, हे तुमच्यासाठी. 'तुपात' हा शब्द कोशात शोधा बरे. सापडणार नाही. कोशात 'तूप' सापडेल. 'विहिरीत' सापडणार नाही, 'विहीर' सापडेल. 'पावसात' नाही, 'पाऊस' आहे. 'देवळात' नाही, 'देऊळ' आहे. मराठी शब्द वाक्यात जाताना रूप बदलतो आणि कोशात तो मूळ रूपात बसलेला असतो. म्हणून कोश उघडण्याआधीच तुम्हाला प्रत्यय उतरवून शब्द घरी आणावा लागतो. हे दहा वेळा केले की आपोआप ध्यानात येते की घरी असताना 'तूप'मधला ऊ दीर्घ आहे, आणि बाहेर पडताना 'तुपात' झाला की तो ऱ्हस्व होतो. 'दूध' आणि 'दुधात', 'फूल' आणि 'फुलात', 'जमीन' आणि 'जमिनीत' यांचेही तसेच.

आता दुसरा शब्द घ्या, 'रूप'. 'तूप' आणि 'रूप', कानाला जुळी भावंडे. पण 'तुपात' ऱ्हस्व आणि 'रूपात' दीर्घ! 'विहिरीत' ऱ्हस्व आणि 'शरीरात' दीर्घ! मूल विचारते, "बाई, असे का?" आणि बाई म्हणते, "नियमच आहे तसा." मीही बरीच वर्षे असेच म्हणत होते. कोशात मात्र उत्तर शब्दाशेजारीच छापलेले असते. 'रूप' आणि 'शरीर' यांच्यापुढे संस्कृतची खूण असते, कारण ते जसेच्या तसे संस्कृतातून आले आहेत. पाहुणा आपले कपडे बदलत नाही. म्हणून त्यांचा दीर्घ स्वर प्रत्यय लागला तरी दीर्घच राहतो. 'तूप' आणि 'विहीर' मराठीच्या घरात वाढलेले. ते घरच्या रीतीने वागतात. एवढे कळले की अठरांतला एक मोठा नियम पाठ करावा लागत नाही. आणि त्यालाही अपवाद आहे बरे का! 'जीव' शब्द संस्कृतच, पण 'जिवाला घोर' लिहिताना आपण जि ऱ्हस्व काढतो. हा पाहुणा इतका जुना झाला की घरचाच होऊन गेला.

जुना कोश चाळताना आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या छपाईत 'नांव', 'गांव', 'करणें' असे अनुस्वार असतात, तेव्हा शब्द एका जागी मिळाला नाही तर अनुस्वार देऊन पाहावा. 'क्ष' आणि 'ज्ञ' काही कोशांत क आणि ज यांच्या पोटात असतात, काहींत अगदी शेवटी. दोन मिनिटे प्रस्तावना वाचली की कळते. जे मूल ही शोधाशोध करते ते वाटेत दुसरे पाच शब्द वाचते, आणि मला 'कोरड्यास' सापडले ते असेच.

ही शोधाशोध मारली कोणी? बाजारातल्या गाइडांनी, आणि ती मुलांच्या हाती देणाऱ्या आम्ही सर्वांनी. गाइडात शब्दापुढे बरोबरची खूण असते. पाणी बरोबर जल, संपले. कोशात 'पाणी' काढा. सुरीला पाणी देतात, मोत्याला पाणी असते, माणसाचे पाणी जोखतात, शत्रूला पाणी पाजतात, हक्कावर पाणी सोडतात, एखाद्याच्या तोंडचे पाणी पळते. यांतल्या एका जागी तरी 'जल' घालून दाखवा! सुरीला जल देणारा लोहार अजून जन्मायचा आहे. दोन शब्द बरोबर आहेत असे शिकवणे म्हणजे दोघांतला एक फुकट आहे असे शिकवणे. आणि परीक्षेत मुलाने 'उदक' लिहिले, उत्तरपत्रिकेत 'जल' होते, म्हणून गुण कापलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कोशाचे गुण गाते म्हणून त्याचे दोष झाकणार नाही. कोश करणारे पुरुष, त्यांतून बहुतेक पांढरपेशे. ज्या कामाला त्यांचा हात लागला नव्हता तिथे कोश अडखळतो. शेकडो शब्दांपुढे नुसते 'एक झाड', 'एक प्रकारचा मासा', 'एक पक्षी' असे आढळते. कोळीणबाईला विचारा, ती त्या माशाचा हंगाम, काटा आणि कालवण सांगेल. धनगराच्या पोराला विचारा, त्या झाडाचा पाला शेळी खाते की नाही हे तो सांगेल. शिवाय कोश छापला त्या दिवशी थांबतो. बोलणारे थांबत नाहीत. म्हणून कोशात शब्द नाही म्हणजे तो मराठी नाही, असे समजणे हा त्या 'कोरड्यास'चाच गुन्हा पुन्हा करणे होय.

त्या मुलीनंतर मी प्रत्येक वर्गात एक वही ठेवली. प्रत्येकाने घरचा एक शब्द आणायचा. पान आडवे धरून पाच रकाने आखायचे. शब्द, कोणाच्या तोंडून ऐकला, कोणत्या गावी, ज्या वाक्यात ऐकला ते पुरे वाक्य, आणि अर्थ. वाक्याचा रकाना रिकामा असेल तर मी नोंद घेत नसे, कारण वाक्यावाचून सांगितलेला अर्थ पुष्कळदा अंदाज असतो. मग कोश काढून पाहायचे. सापडला तर पान लिहायचे, नाही सापडला तर तांबड्या शाईने चांदणी काढायची. होय, त्याच तांबड्या शाईने. चांदणी मिळावी म्हणून मुले आजीच्या मागे लागत, आणि ज्या मुलांना निबंधात पाच गुण मिळत नसत त्यांच्या नावावर सर्वांत जास्त चांदण्या असत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण शाळेत पेढे वाटले, मीही खाल्ला. पण त्याच दुपारी शिक्षकांच्या खोलीत, "पाचवीतली मुले काय गावठी बोलतात हो!" हे वाक्य मी ऐकले. भाषा जुनी आहे म्हणून पेढे, आणि तिचे जुने शब्द अजून ज्यांच्या तोंडात आहेत त्यांना टोमणे! हा हिशेब मला जमत नाही.

तुम्ही मला शाल दिलीत, श्रीफळ दिलेत. आणखी एक मागते. आपल्या ग्रंथालयात महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड आहेत. ते काचेच्या कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे, आणि 'मुले पाने फाडतात' म्हणून किल्ली कार्यालयात आहे. मी इथे आले तेव्हा त्या खंडांची काही पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. पाने फाटलेला कोश मी दुरुस्त केला असता. न उघडलेल्या कोशाला काय करणार? आता तर शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश संगणकावर सर्वांसाठी मोकळे ठेवले आहेत. हजारो कोसांवरच्या परक्या विद्यापीठाने आपला कोश उघडा ठेवावा आणि आपण मात्र तो कुलपात घालावा, याला काय म्हणावे? मुख्याध्यापकसाहेब, ते कुलूप उद्या काढा. खंड खालच्या फळीवर ठेवा, पाचवीच्या मुलाचा हात पोहोचेल असे.

वही मी मराठीच्या नव्या बाईंकडे दिली आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिला शब्द 'कोरड्यास' आहे. कोणाच्या तोंडून ऐकला, या रकान्यात त्या मुलीचे नाव आहे. गावही आहे आणि वाक्यही आहे, तिने लिहिले होते तसे पुरे. अर्थाच्या रकान्यात मात्र मी जागा मोकळी सोडली होती, कारण कोशातला अर्थ मला ठाऊक असला तरी त्या घरचे कोरड्यास कशाचे होते, हे विचारायचे राहूनच गेले. नव्या बाईंना माझे एवढेच सांगणे आहे की तुमच्या वर्गात कोणी असा शब्द लिहिला, तर शेरा मारण्यापूर्वी विचारा.